फुगा भिंतीला का चिकटतो: विज्ञान कोपऱ्यातल्या नोंदी

9 सप्टेंबर

शाळेच्या विज्ञान कोपऱ्यातलं स्थिर विद्युतचं टेबल या वर्षी नव्याने मांडायचं आहे. सध्या तिथे एक फुगा, एक लोकरीची टोपी आणि मागे एक पाटी आहे. पाटीवर लिहिलंय, "फुग्यावर ऋण प्रभार, भिंतीवर धन प्रभार, म्हणून दोघे एकमेकांना ओढतात." वाचायला सोपं आहे, पण भिंत धन कोणी केली? तिला तर कोणी घासलं नाही. फुगा त्या भिंतीवर ठेवायच्या आधी भिंतीजवळ कागदाचा कपटा नेला तर तो हलतही नाही. तेव्हा पाटी उतरवली. नव्या टेबलावर जे लिहायचं ते मुलांना तिथल्या तिथे हाताने करून बघता आलं पाहिजे, एवढी एकच अट.

आज खोलीतल्या आर्द्रतामापकावर 81 टक्के. टोपीवर घासलेला फुगा भिंतीला लावला, सोडला, आणि तो सरळ खाली आला. साताऱ्यात सप्टेंबरमध्ये हे असंच होणार. तोवर सामान जमवून ठेवते.

13 सप्टेंबर

सामान आलं. साधे गोल फुगे, नुसतं रबर काट्यावर 3 ग्रॅम भरतं. घोंगडीचा एक हातभर तुकडा, तो टोपीपेक्षा कितीतरी चांगला कारण खरखरीत अस्सल लोकर आहे. पीव्हीसीच्या नळीचा तुकडा, सेलोटेपचं रीळ आणि नळ दुरुस्तीवाले आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. शेवटच्या वस्तूचं काम पुढे येईल.

फुगा केसांवर घासायचा हा नेहमीचा प्रयोग आपल्याकडे का फसतो याचं कारण आठवीतल्या एका मुलीने आज सांगून टाकलं. "बाई, हिच्या केसांवर होतं, माझ्या वेण्यांवर होतच नाही." हिचे केस काल धुतलेले, तिच्या वेण्या खोबरेल तेलाने चापून घातलेल्या. तेलाचा थर मधे आला की रबर केसाला भिडत नाही, तेलाला भिडतं. वर तोच फुगा नंतर घोंगडीवर घासला तरी नीट चालत नाही, कारण तेल आता फुग्यावर आहे. म्हणून टेबलावर नियम: केसांवर घासायचं नाही, आणि फुगा गाठीजवळ धरायचा. हाताचा घाम लागला की तेवढा भाग वाया जातो.

20 सप्टेंबर

आधी शोधक हवा. वस्तू प्रभारित आहे का, आणि कोणत्या खुणेने, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं ऐकीव राहील. प्रयोगशाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी आहे, पण त्याची पत्रं फाटली आहेत. सेलोटेप त्याहून बरी.

कृती अशी. टेबलाच्या गुळगुळीत सनमायक्यावर टेपची एक पट्टी कायमची चिकटवून ठेवायची, तो पाया. त्यावर वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवायची, टोक दुमडून धरायला जागा ठेवायची, बोटाने दाबायची आणि चटकन ओढून काढायची. अशीच आणखी एक काढायची. दोन्ही हातांत एकेक लोंबती पट्टी धरून जवळ आणली की त्या एकमेकींपासून दूर पळतात. दोघींचा जन्म सारखा, म्हणून प्रभारही सारखा.

आता दुसरा प्रकार. पायावर एक पट्टी, तिच्या पाठीवर दुसरी, दोन्ही एकत्र उचलायच्या. जोडीवरून बोट फिरवून तिचा एकूण प्रभार घालवायचा, म्हणजे ती कशालाही ओढत नाही. मग दोघींना एकमेकींपासून सोलून वेगळं करायचं. या दोन पट्ट्या एकमेकींवर झेपावतात आणि चिकटतात. जोडी असताना काहीच नव्हतं, वेगळ्या केल्यावर एकीवर एक प्रकारचा प्रभार, दुसरीवर दुसऱ्या प्रकारचा.

इथे घासणं कुठेच नव्हतं हे मुलांना मुद्दाम दाखवायचं. दोन वेगळे पृष्ठभाग भिडले आणि विलग झाले, एवढंच घडलं. भिडलेल्या जागी काही इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि विलग करताना सगळे परत येऊ शकत नाहीत. घासण्याने याच गोष्टीला जोर येतो. खडबडीत घोंगडी आणि फुगा नुसते टेकवले तर खऱ्या अर्थाने स्पर्श होणारी जागा फार थोडी असते. घासलं की नवनव्या जागा भिडत आणि सुटत राहतात. रबर आणि लोकर यांच्यात रबर इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून फुगा ऋण आणि लोकर धन.

दोन धातूंच्या बाबतीत इलेक्ट्रॉन का आणि किती जातील हे भौतिकशास्त्र नीट सांगतं. रबर, लोकर, प्लास्टिक अशा दुर्वाहकांमध्ये मामला गुंतागुंतीचा आहे. इलेक्ट्रॉनांबरोबर आयनही जातात, पदार्थाचे अतिसूक्ष्म कणही इकडून तिकडे लागतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की "ऋण" झालेला पृष्ठभाग सरसकट ऋण नसतो. त्यावर धन आणि ऋण ठिपक्यांची बारीक नक्षी असते, आणि आपण मोजतो ती त्यांची वजाबाकी. आठवीच्या टेबलावर एवढं लिहिणार नाही, पण "घासलं की इलेक्ट्रॉन उडी मारतात" एवढ्यावरही थांबणार नाही.

24 सप्टेंबर

शोधक वापरायचा नियम ठरवला आणि मोठ्या अक्षरात लिहिला: ओढलं तर काहीच सिद्ध होत नाही, ढकललं तरच प्रभार सिद्ध.

कारण सोपं आहे. प्रभारित पट्टी स्वतःच माझ्या बोटाकडे, भिंतीकडे, लाकडी पट्टीकडे ओढली जाते, आणि यांपैकी कशावरही प्रभार नाही. पट्टीला दूर ढकलायला मात्र समोर तिच्याच जातीचा प्रभार लागतो. पॅरिसमध्ये द्यु फे यांनी 1733 साली प्रभाराचे दोन प्रकार असल्याचं मांडलं ते याच ढकलण्याकडे नीट लक्ष देऊन. त्याआधीची बरीच वर्षं लोक फक्त ओढ बघत होते, आणि नुसत्या ओढीतून दोन प्रकार कधीच दिसले नसते.

मामांनी (प्रयोगशाळेचे) लगेच भिंतीजवळ पट्टी नेऊन बघितली. ओढली गेली. पाटीवर लिहिलं होतं तशी भिंत खरोखर धन असती तर जोडीतून सोललेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीला तिने ढकललं असतं. दोघींनाही ओढते. "म्हणजे भिंत कोरीच," मामा म्हणाले. तोच मुद्दा.

8 ऑक्टोबर

पाऊस परतीचा, आर्द्रता 70 च्या वर. आज फक्त गळतीचा अभ्यास.

"दमट हवेतून वीज वाहून जाते" असं सर्रास सांगितलं जातं. दमट हवा तशी चांगली दुर्वाहकच असते. गळती होते ती फुग्याच्या कातडीवरून. हवेतली वाफ रबरावर पाण्याचा अदृश्य थर धरते, त्यात घामाचं आणि धुळीचं मीठ मिसळतं, आणि त्या थरातून प्रभार सरकत सरकत गाठीकडे, बोटांकडे, भिंतीकडे निघून जातो. हे ताडून बघणं सोपं होतं. फुगा आणि घोंगडी दोन्ही हेअर ड्रायरच्या कोमट हवेने वाळवले आणि लगेच घासले. खोलीतली हवा तेवढीच दमट, तरी फुगा भिंतीला चिकटला. मिनिटभराने घसरला, कारण थर पुन्हा धरला. हवेतून गळती होत असती तर कातडी वाळवून काही फरक पडला नसता.

फुगा फार गरम करायचा नाही. रबर मऊ होऊन फुटतो आणि मुलं ओरडतात.

16 नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, थंडी पडली, दुपारी आर्द्रता 35 टक्के. हाच मोसम. घोंगडीवरून फुगा फिरवताना तडतड ऐकू येते आणि हातावरचे केस उभे राहतात.

आज प्रभार मोजला. उपकरण काही नाही, दोन फुगे, दोरा आणि फूटपट्टी. दोन्ही फुगे 22 सेंटिमीटर व्यासाचे फुगवले आणि एकाच हुकाला दोन दोऱ्यांनी असे टांगले की हुकापासून फुग्याच्या मध्यापर्यंत अंतर बरोबर 1 मीटर. दोन्ही फुगे सगळीकडून सारखे घासले. ते एकमेकांपासून दूर झाले आणि मध्यांमधलं अंतर 40 सेंटिमीटरवर स्थिरावलं.

हिशेब असा. प्रत्येक फुगा उभ्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाजूला गेला आहे, दोरा 1 मीटरचा. म्हणजे बाजूला ढकलणारं बल हे वजनाच्या साधारण पाचवा भाग. वजन किती धरायचं? रबर 3 ग्रॅम. आतल्या हवेचं वजन बाहेरची हवा उचलून धरते, पण आतली हवा किंचित दाबलेली असते, तिचे सुमारे 0.2 ग्रॅम जादा. एकूण 3.2 ग्रॅम, म्हणजे 0.031 न्यूटन. त्याचा पाचवा भाग सुमारे 0.0064 न्यूटन. कुलोंबच्या नियमात हे घातलं:

F = kq²/r²

k म्हणजे 9 × 10⁹, r म्हणजे 0.4 मीटर. यातून q येतो सुमारे 0.34 मायक्रोकुलोंब, एका कुलोंबचा तीस लाखावा भाग. जादा इलेक्ट्रॉन मोजले तर जवळजवळ दोन लाख कोटी. आकडा ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात, म्हणून लगेच दुसरा आकडा सांगायचा: फुग्याच्या पृष्ठभागावरच्या सात-आठ लाख अणूंमागे एकच जादा इलेक्ट्रॉन. फुगा "इलेक्ट्रॉनांनी भरलेला" वगैरे काही नाही. फार थोडा असमतोल आहे, आणि विद्युत बल इतकं जबर आहे की तेवढ्यावर तीन ग्रॅमचं रबर वीतभर बाजूला लटकतं.

मोजताना दोन गोष्टी सांभाळायच्या. फुगे एकमेकांना टेकलेले असतील तर हा हिशेब लागू नाही, टेकल्या जागेचं बल त्यात मिसळतं. आणि पंखा बंद.

17 नोव्हेंबर

आता भिंत. तिच्यावर प्रभार नाही हे शोधकाने दाखवलं आहे, तर मग ती फुग्याला ओढते कशी?

भिंतीच्या चुन्या-सिमेंटातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना बांधलेले असतात, उठून जाऊ शकत नाहीत. पण समोर ऋण फुगा आला की जागच्या जागी ते किंचित मागे दबतात. किंचित म्हणजे अणूच्या आकाराच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. भिंतीच्या आत याचा काही परिणाम दिसत नाही, कारण एका अणूची मागची ऋण बाजू पुढच्या अणूच्या धन बाजूशी फिटून जाते. फिटत नाही ती फक्त फुग्याकडच्या तोंडावरची पहिली कडा. तिथे धन प्रभाराची एक पातळ साय उरते. तेवढाच ऋण प्रभार भिंतीच्या दूरच्या बाजूंना विखुरतो. धन जवळ, ऋण लांब, आणि विद्युत बल अंतराबरोबर झपाट्याने उतरतं, म्हणून ओढ जिंकते. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. फुगा काढला की इलेक्ट्रॉन जागेवर, साय नाहीशी.

हे खरं असेल तर एक भाकीत निघतं: फुगा धन असला तरीही चिकटला पाहिजे, कारण मग इलेक्ट्रॉन मागे दबण्याऐवजी पुढे सरकतील आणि साय ऋण होईल. यासाठी टेफ्लॉन टेप. टेफ्लॉन हा इलेक्ट्रॉन घ्यायला रबरापेक्षाही हपापलेला. हाताच्या पंजाभोवती टेप सैल गुंडाळून नव्या, कोरड्या फुग्यावर फिरवली. घोंगडीवर घासलेल्या फुग्याने पीव्हीसीच्या घासलेल्या नळीपासून पळ काढला होता. हा फुगा नळीकडे धावला. नुसती ओढ पुरावा नाही, म्हणून आणखी एक तसाच टेफ्लॉनवाला फुगा शेजारी टांगला, दोघे एकमेकांना ढकलतात. म्हणजे प्रभार आहे, आणि घोंगडीवाल्याच्या उलटा आहे. मग दोन्ही जातीचे फुगे एकाच भिंतीला लावले. दोन्ही चिकटले. टेफ्लॉनवाला कमी वेळ राहिला, पण राहिला.

जुन्या पाटीचा याहून चांगला निकाल लागला नसता. भिंत एकाच वेळी एकासाठी धन आणि शेजारच्यासाठी ऋण कशी असेल? तीच भिंत, दोन हातांच्या अंतरावर.

23 नोव्हेंबर

या आठवड्यातली सगळ्यात रंजक गोष्ट. 16 तारखेचा, सगळीकडून घासलेला, 0.34 मायक्रोकुलोंबचा फुगा भिंतीला लावला तर धड टिकत नाही. त्याच फुग्याचा फक्त तळहाताएवढा भाग घासला आणि तो भाग भिंतीकडे केला तर टिकतो. प्रभार कमी, ओढ जास्त. नववीतल्या दोघांना हे पटेना, म्हणून फळ्यावर हिशेब केला.

भिंतीने तयार केलेली साय फुग्याला जी ओढ देते ती मोजायची एक जुनी सोय आहे. भिंतीच्या आत, फुगा जितका बाहेर आहे तितक्याच आत, एक उलट जातीचा प्रतिमा-प्रभार बसला आहे असं मानायचं. धातूची भिंत असती तर प्रतिमा पूर्ण ताकदीची, प्लॅस्टरच्या भिंतीला सुमारे 0.6 पट.

सगळीकडून घासलेल्या फुग्याचा प्रभार जणू त्याच्या मध्याशी असतो, म्हणजे भिंतीपासून 11 सेंटिमीटर. प्रतिमा तिच्या बाजूने 11 आत. दोघांत 22 सेंटिमीटर. कुलोंबच्या नियमाने आणि 0.6 ने गुणून बल येतं साधारण 0.013 न्यूटन, म्हणजे 1.3 ग्रॅमचं वजन. फुगा 3.2 ग्रॅमचा.

आता 10 सेंटिमीटर लांब-रुंद डाग घासला आणि त्यावर फक्त 0.1 मायक्रोकुलोंब आहे असं धरू, आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. डाग भिंतीला जवळजवळ लागूनच आहे, कडेलासुद्धा अंतर सेंटिमीटरभरच. अशा पसरट प्रभाराला ओढणारं बल सूत्राने काढलं तर

F = 0.6 × q² / (2ε₀A)

इथे A म्हणजे डागाचं क्षेत्रफळ, ε₀ म्हणजे 8.85 × 10⁻¹², आणि आकडे घातल्यावर 0.034 न्यूटन, साडेतीन ग्रॅमचं वजन. प्रभार तिपटीने कमी, बल अडीच पटीने जास्त.

दुसरी बाजू, म्हणजे न घासलेली, भिंतीकडे केली तर फुगा लगेच पडतो. हे मुलांना करून बघायला फार आवडतं, कारण प्रभार तोच, फुगा तोच, नुसता फिरवला.

तर मग डागावरच जोरजोरात घासत बसायचं का? थोड्या वेळाने काही वाढत नाही. हवा सुमारे 30 लाख व्होल्ट प्रति मीटर एवढ्या विद्युत क्षेत्राला फुटते, आणि ती तडतड म्हणजे जादा प्रभार हवेतून निसटण्याचा आवाज. तडतड सुरू झाली की घासणं थांबवलं तरी चालतं.

फुगा थोडा सैल ठेवला तर डाग भिंतीवर आणखी सपाट बसतो. टणक फुगवलेला फुगा भिंतीला जेमतेम एका बिंदूत टेकतो. तेव्हा टेबलावरचे फुगे पूर्ण फुगवायचे नाहीत.

30 नोव्हेंबर

एका मुलाने चांगला प्रश्न टाकला: "ओढ भिंतीकडे आहे, वजन खाली आहे. मग खाली पडण्यापासून कोण अडवतं?"

घर्षण. विद्युत बल फुग्याला भिंतीवर दाबतं, आणि त्या दाबामुळे रबर आणि डिस्टेंपर यांच्यात घर्षण तयार होतं, ते वजन पेलतं. म्हणून भिंत कोणती याला महत्त्व आहे, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. ऑफिसमागच्या चुन्याच्या भिंतीवर फुगा घसरतो. चुन्याची भुकटी रबराला लागते आणि घर्षण संपतं. फुगा काढून बघितला तर त्यावर पांढरी पावडर दिसते, ओळखायची खूण तीच. ऑइल पेंटच्या भिंतीवर भुकटी नाही, तिथे ठीक राहतो.

पावसाळ्यात भिंत ओली असते म्हणून फुगा चिकटत नाही, असंही लोक म्हणतात. ओलसर भिंतीत तर प्रभार थोडाफार सरकू शकतो, म्हणजे ती प्लॅस्टरपेक्षा धातूसारखी वागते आणि ओढ उलट वाढते. अडचण 8 ऑक्टोबरला दिसली तीच, फुग्याच्या कातडीची.

आणखी एक, जवळून बघितल्याशिवाय न दिसणारी गोष्ट. फुगा सोडल्यावर लगेच स्थिर होत नाही. आधी तो एक-दोन बोटं खाली गडगडतो आणि मग थांबतो. वजन त्याच्या मध्यातून खाली ओढतंय, आणि मध्य भिंतीपासून वीतभर नसला तरी चांगला अर्धी वीत पुढे आहे, त्यामुळे फुगा भिंतीवरून चाकासारखा खाली लोळू पाहतो. लोळला की घासलेला डाग टेकलेल्या जागेच्या वर जातो, आणि भिंत त्या वरच्या डागाला ओढून फुग्याला उलट फिरवू लागते. दोन्ही जुळले की फुगा थांबतो. डाग फार छोटा असेल तर लोळण्यात तो भिंतीपासून दूर जातो आणि फुगा गडगडत जमिनीवर. टिकायचं तर डाग तळहातापेक्षा छोटा नको, असा व्यवहारी निष्कर्ष.

7 डिसेंबर

भिंतीवर घर्षण आणि लोळणं दोन्ही मिसळतात, म्हणून ओढ स्वच्छ मोजायची तर छत हवं. तिथे विद्युत बलालाच पूर्ण वजन उचलावं लागतं, घर्षणाची मदत नाही. वर्गाचं छत उंच. जिन्याच्या लँडिंगखालच्या स्लॅबला हात पोचतो, तिथे केलं.

वजनं म्हणून ए-फोर कागद. 75 जीएसएमचा एक कागद 4.7 ग्रॅम, चार वेळा दुमडून कापला की सोळा तुकडे, प्रत्येक 0.3 ग्रॅम. डाग घासलेला फुगा स्लॅबला लावायचा, गाठीला दोरा, दोऱ्याला एकेक तुकडा वाढवत जायचा. तुकडे गाठीपासून वीतभर खाली लोंबले पाहिजेत, नाहीतर फुगाच त्यांना ओढतो आणि मापन बिघडतं.

आज दुपारी, आर्द्रता 31 टक्के असताना, फुगा तीन तुकडे घेऊन राहिला, चौथ्याला पडला. म्हणजे 3.2 आणि 0.9 मिळून 4.1 ग्रॅम. उलट हिशेब केला तर डागावर प्रति चौरस मीटर सुमारे 11 मायक्रोकुलोंब. 23 तारखेला फळ्यावर 10 धरलं होतं. हवेच्या फुटण्याच्या मर्यादेशी जो प्रभार जुळतो तो 26 च्या आसपास, तेव्हा आकडा बसतो. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, धुकं असताना, फुगा नुसता स्वतःलाही पेलत नाही.

मामांनी लोखंडी कपाटाच्या दारावरही लावून बघितला. धातूला लावला तर प्रभार वाहून जाईल असं त्यांना वाटत होतं. जात नाही. रबर दुर्वाहक, त्यामुळे डागावरचा प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकलेला. धातूला टेकलेल्या मोजक्या बिंदूंवरचे गेले तर गेले. उलट लोखंडात प्रतिमा पूर्ण ताकदीची, म्हणून कपाटावर तो भिंतीपेक्षा जास्त घट्ट बसतो.

14 डिसेंबर

शेवटचा प्रयोग, प्रभार घालवण्याचा. ओल्या फडक्याने डाग पुसला की फुगा लगेच पडतो, यात नवल नाही. पणतीचा प्रयोग जास्त चांगला आहे. सेलोटेपच्या दोन प्रभारित पट्ट्या शेजारी टांगल्या, त्या एकमेकींपासून फाकलेल्या. पेटती पणती खालून नव्हे, बाजूने, चार-सहा बोटांवर आणली. पट्ट्या हळूहळू मिटत लोंबकळू लागल्या. ज्योतीत धन आणि ऋण आयन तयार होतात, त्यातले उलट जातीचे पट्ट्यांकडे ओढले जातात आणि प्रभार फेडतात. न पेटलेली पणती तेवढ्याच अंतरावर धरली तर काही होत नाही, हेही दाखवायचं. फुग्याजवळ ज्योत न्यायची नाही, हा प्रयोग फक्त पट्ट्यांवर, आणि पणती मोठ्या माणसाच्याच हातात.

भिंतीवर सोडून दिलेला फुगा तासाभराने आपोआप पडतो त्यामागे हेही एक कारण आहे. हवेत थोडे आयन नेहमीच असतात, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे आणि जमिनीतून निघणाऱ्या रेडॉनमुळे. पण कातडीवरची गळती बहुतेक वेळा त्यांच्या आधी काम उरकते.

टेबलाची मांडणी आता अशी: डावीकडे सेलोटेपचा शोधक, मधे घोंगडी आणि टेफ्लॉनचे दोन फुगे एकाच भिंतीवर, उजवीकडे जिन्याखाली कागदाच्या तुकड्यांचं मापन. आर्द्रतामापक सगळ्यांना दिसेल असा, त्यावर 60 ला लाल रेघ. काटा रेघेच्या वर असेल त्या दिवशी भिंतीचा भाग बंद आणि फक्त ड्रायरचा प्रयोग चालू. फुग्यांची दोन पाकिटं आणि टेफ्लॉनची आणखी तीन रिळं आणायची आहेत, मामांना यादी दिली.